शहाळं कोणी दिलं?

*वृषाली (बी-४०२):* सगळ्यांना हात जोडून सांगते, आमचे बाबा डायलिसिसवर आहेत, त्यांना परस्पर काही खायला देऊ नका. शनिवारी खाली बाकावर दोन शहाळी आणि दोन केळी झाली. रविवारी संध्याकाळी खुर्चीतून उठता येईना, पायात त्राणच नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढून ६.९, ईसीजी बिघडलेला. कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्सुलिन-ग्लुकोज आणि रात्रीच डायलिसिस करावं लागलं.

*मोहनकाका (ए-१०१):* मीच दिलं गं. नाशिकचं हे ऊन, ते घामाघूम झालेले. आजाऱ्याला शहाळं देतातच ना?

*शोभाताई (सी-३०१):* 🌴 शहाळं प्या, किडनी स्वच्छ ठेवा! सर्वांना पाठवा 🙏

*वृषाली:* शोभाकाकू, हे तुम्ही कालही टाकलं होतं.

*अप्पा (डी-२०४):* केळी आणि नारळ, दोन्ही झाडं पालाश भरपूर ओढतात. आम्ही केळीला नत्रापेक्षाही पालाश आठवणीने द्यायचो, त्याशिवाय घड भरत नाही. पालाश म्हणजेच पोटॅशियम. शहाळ्याचं पाणी म्हणजे कोवळं, अजून न धरलेलं खोबरं. त्यात मुख्य क्षार तोच.

*सुनील (ए-३०३):* गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची? तिसऱ्यांदा विचारतोय.

*स्नेहल (सी-२०३):* सुनीलदादा, जरा थांबा. मी डायलिसिस युनिटमध्येच काम करते. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम, ३०० मिलीच्या शहाळ्यात ७५० च्या आसपास पोटॅशियम असतं. म्हणजे त्या बाकावर २३०० गेलं. अशा रुग्णाला बहुधा दिवसभराच्या जेवणात मिळून २००० च्या आसपासच सांगितलेलं असतं. जास्तीचं पोटॅशियम मुख्यतः किडनीच लघवीतून काढते. काकांचं डायलिसिस सोमवार-गुरुवार, म्हणजे शनिवारचं बरंचसं सोमवारपर्यंत शरीरातच. रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि पुष्कळदा आधी काहीच जाणवत नाही.

*शोभाताई:* 🌴 शहाळं प्या, किडनी स्वच्छ ठेवा! सर्वांना पाठवा 🙏

*मोहनकाका:* शोभाताई, पुरे आता! स्नेहल, माझं क्रिएटिनिन थोडं वाढलंय. मीही केळं सोडू का?

*स्नेहल:* लगेच नाही, काका. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ठीक असेल तर सुरुवातीच्या टप्प्यात केळं बंद करायचं कारण नसतं. पण बीपीला टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू आहे का? पाय सुजतात म्हणून स्पायरोनोलॅक्टोन? या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं. गोळी मनाने थांबवू नका, तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. आणि 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर वापरू नका. त्यात थोड्या मिठाच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं.

*मोहनकाका:* टेल्मिसार्टन आहे. ते मीठही आहे, मुलाने मुद्दाम आणून दिलंय.

*स्नेहल:* मग मीठ आजच बाजूला ठेवा. उद्या सकाळी रक्त द्या.

*सुनील:* गाडी??

*मोहनकाका:* वृषाली, बाबांना भेटायला येऊ का? सफरचंद आणलं तर चालेल?

*वृषाली:* एखादी फोड चालते. पण काका, रिकाम्या हातानेच या. सकाळपासून तुमचंच विचारतायत.