प्रतिसाद: दीन-ए-इलाही का पसरला नाही?

> अकबराने एवढा नवा धर्म काढला, मग तो पसरला का नाही?

कारण तो पसरवायचा बेतच दिसत नाही. ना ग्रंथ, ना पुरोहित, ना प्रार्थनास्थळ. होती ती बादशहाची शिष्यमंडळी. रविवारी भर दुपारी इच्छुकाने पगडी हातात घेऊन बादशहाच्या पायावर डोकं ठेवायचं. बादशहा त्याला उठवून पगडी परत डोक्यावर चढवी आणि 'शस्त' नावाचं चिन्ह देई. मालमत्ता, प्राण, अब्रू आणि धर्म या चार गोष्टी बादशहासाठी सोडायची तयारी, हीच निष्ठेची मोजपट्टी. नावानिशी ज्ञात शिष्य जेमतेम अठरा-एकोणीस, त्यात हिंदू एकटा बिरबल. अकबराचा सेनापती राजा मानसिंग याने तर नकार दिल्याचं दरबारातला इतिहासकार बदायुनी लिहितो, आणि तरीही त्याची बढती थांबली नाही. धर्मप्रसार असा होत नसतो!

मुळात हे सगळं आलं वादांना कंटाळून. फतेहपूर सिक्रीत १५७५ मध्ये इबादतखाना, म्हणजे धर्मचर्चेचं सभागृह, उभा राहिला, तेव्हा आत फक्त मुसलमानच होते, आणि पहिलं भांडण पेटलं ते कुणी कुठे बसायचं यावरून! अमीर, सय्यद, उलेमा, शेख यांना चार वेगळ्या बाजू नेमून द्याव्या लागल्या. दरबारातले दोन बडे मौलवी, मखदूम-उल-मुल्क आणि अब्दुन्नबी, तर एकमेकांवरच तुटून पडत. पुढे हिंदू, जैन, पारशी, १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री आले. पाद्र्यांना वाटलं बादशहा बाप्तिस्मा घेणार. त्याने ऐकून घेतलं सगळ्यांचं, झाला कुणाचाच नाही.