उत्तर: वावरातल्या पावलांचा आवाज

«शूटिंगला वावरातलं चालणं रेकॉर्ड झालंच होतं, मग स्टुडिओत पुन्हा कशाला?»

शूटिंगच्या वेळी माइक संवादाकडे रोखलेला असतो, त्यामुळे पावलं दबतात. पुढे डबिंग झालं की उरलीसुरलीही जातात. मग फोली आर्टिस्ट, म्हणजे असे आवाज स्टुडिओत नव्यानं काढणारा माणूस, पडद्यावरच्या नटाकडे पाहत जागच्या जागी चालतो, आधी टाच, मग चवडा. आपल्या यवतमाळकडचं वावर हवं असेल तर काळ्या मातीची ढेकळं अन् वाळलेली पऱ्हाटी पसरायची. पण माती लाकडी खोक्यात भरली तर पाऊल ढोलकीसारखं पोकळ वाजतं, अन् कान लगेच ओळखतो. म्हणून मातीसाठी खड्डा पक्क्या जमिनीतच लागतो. लुगड्याची सळसळ वेगळ्या ट्रॅकवर, माइकसमोर कापड चोळून. ठोसा म्हणजे चामड्याच्या जाकिटावर हाणलेली मूठ. हाड मोडायला सेलरीचा ओला देठ पिळतात. तुराटी फारच कोरडी वाजते.