मदत हवी आहे: सारखी भेट रद्द करणाऱ्या मैत्रिणीला, दोष न देता, कसं लिहू?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी. गेले दहा दिवस एक मेसेज लिहितेय आणि पुसतेय, म्हणून शेवटी इथे आले.

माझी मैत्रीण डोंबिवलीला असते. तिला इथे सुमा म्हणते, खरं नाव वेगळं आहे. कोल्हापुरात हॉस्टेलला आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. आता दोघीही चाळिशी पार केलेल्या. ठाणे-डोंबिवली म्हणजे लोकलने जेमतेम अर्धा तास, तरी जूनपासून आमची भेट नाही. चार वेळा ठरलं आणि चारही वेळा तिच्याकडून रद्द झालं.

पहिल्या दोन वेळांचं काही वाटलं नाही. एकदा पाऊस होता, एकदा तिच्या मुलाला ताप. तिसऱ्या वेळी घाणेकर नाट्यगृहात साडेआठच्या प्रयोगाची दोन तिकिटं मी काढली होती. सव्वासातला मेसेज आला, "अगं सॉरी, आज नाही जमणार." मी एकटीच गेले. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या आजींनी विचारलं, "कुणी येणार आहे का इथे?" मी "हो" म्हणाले. का म्हणाले, मला अजून कळलेलं नाही.

चौथी वेळ गेल्या रविवारची. ती जेवायला येणार होती. तिला अळूवड्या आवडतात म्हणून सकाळीच उंडे उकडून, कापून ठेवले होते. ती आली की गरम तळायच्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. मी म्हणाले, "चालेल गं, काही हरकत नाही, पुढच्या वेळी." फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले.

मला भांडायचं नाही. मैत्री तोडायची तर मुळीच नाही. फक्त मला लागलंय हे तिला कळावं, आणि ते कळताना तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटू नये. आत्ता लिहिलंय ते असं:

"सुमा, हल्ली तू फारच बिझी झाली आहेस, आमच्यासाठी वेळच नाही तुला. असो. राग नाही हं. काळजी घे."

पाठवू का?

कडीपत्ता

नका पाठवू. काहीच पाठवू नका. चार वेळा म्हणजे चार वेळा. ज्याला यायचं असतं तो येतो. तुम्हीही नंबर म्यूट करा, महिन्याभरात बरोबर कळेल तिला.

रानजाई

ताई, अळूवड्यांचं वाचून गलबललं. एक नियम सांगते, ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये शिकवला होता आणि मला फार उपयोगी पडला. वाक्य "तू"ने सुरू करायचं नाही, "मला"ने करायचं. म्हणजे "तू मला टाळतेस"च्या ऐवजी "मला वाटतं की तू मला टाळतेस". आरोप जातो आणि भावना राहते.

निरंजन७२

सायलीताई, मी पंधरा वर्षं समुपदेशनाचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रानजाई, तुमचा नियम अर्धा बरोबर आहे. तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांच्याकडून आलाय, पण त्यांच्या मांडणीत "मला"च्या पुढे काय येतं याला महत्त्व आहे. "मला वाटतं की तू मला टाळतेस" यात भावना कुठे आहे? तो तिच्या मनाबद्दलचा निकाल आहे, मागे फक्त "मला वाटतं" लावलंय. भावना म्हणजे "मला वाईट वाटलं", "मला एकटं वाटलं". साधी खूण सांगतो. समोरची व्यक्ती "नाही, तसं नाहीये" म्हणू शकत असेल तर तो आरोप. तुम्हाला वाईट वाटलं याला सुमा "नाही" म्हणू शकत नाही.

आता तुमचा मसुदा. त्यात तिखट शब्द एकही नाही, तरी प्रत्येक वाक्य टोचतं. "आमच्यासाठी" मधलं अनेकवचन टोमण्याचं आहे, तुम्ही तर एकट्याच आहात. "वेळच नाही" मधला "च" तिला उत्तर द्यायला जागा ठेवत नाही. "असो" म्हणजे आपल्याकडे दार लावून घेणं. आणि "राग नाही हं" वाचल्यावर राग आहे हे कुणालाही कळतं. एवढं सगळं आहे, पण तुम्ही रडलात हे त्यात कुठेच नाही. सुमाला टोमणा कळेल, दुःख कळणार नाही.

यापेक्षा मोठी एक गोष्ट. चारही वेळा तुम्ही तिला काय उत्तर दिलंत? रविवारचं तुम्ही लिहिलंय, बाकीचे तीन शोधून बघाल का?

सायली_ठाणे

बघितले. पहिल्यांदा "अगं ठीक आहे गं". दुसऱ्यांदा "काळजी घे त्याची, भेटू". नाटकाच्या दिवशी "नो प्रॉब्लेम" आणि पुढे हसरा चेहरा. तो हसरा चेहरा मी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभी राहून टाकला होता.

निरंजन७२

तेच. तिच्या बाजूने बघितलं तर चार वेळा जमलं नाही आणि चारही वेळा तुम्हाला चाललं. तुम्हाला लागलंय ही बातमी तिच्यापर्यंत पोचलेलीच नाही. म्हणून मेसेजची सुरुवात तिच्या वागण्यापासून न करता तुमच्या "चालेल गं" पासून करा. "मी चालेल म्हणाले, पण मला चाललं नव्हतं." यात खोटं काही नाही, आणि चुकीतला आपला वाटा आपण आधी उचलला की समोरच्याला बचावाला उभं राहावं लागत नाही.

मोरपिसारा

माझं थोडं वेगळं आहे, तरी लिहितो. मी स्वतः असा रद्द करणारा होतो. २०२१ मध्ये नोकरी गेली होती. मित्र दर महिन्याला हॉटेलात भेटायचे, माणशी सातआठशे रुपये व्हायचे. ते माझ्याकडे नसायचे आणि नाहीत हे सांगता यायचं नाही. मग "पोट बिघडलंय", "पाहुणे आलेत". ठरवताना खरंच जायचं असायचं, दिवस उजाडला की पाय उचलायचे नाहीत. एका मित्राने ग्रुपवर न लिहिता एकट्याला लिहिलं, "तुझ्या घराखाली येऊ का, कटिंग पिऊ, वीस मिनिटांत जातो." मी हो म्हणालो. सुमाताईंचं कारण काय आहे मला माहीत नाही, पण नाटक आणि जेवण हे कधीकधी फार मोठं होतं हो.

रानजाई

मग कारण विचारूनच टाकावं का? "सगळं ठीक आहे ना? काही झालंय का?"

निरंजन७२

विचारण्यापेक्षा सांगायची मोकळीक द्यावी. चार रद्द भेटींच्या खाली "काही झालंय का" लिहिलं की ती चौकशी वाटते, आणि कारण पुरेसं मोठं नसेल तर तिला ओशाळं वाटतं. "सांगावंसं वाटलं तर सांग" इथे थांबावं.

सायली_ठाणे

दुपारभर बसून पुन्हा लिहिलं:

"सुमा, रविवारी मी 'चालेल गं' म्हणाले, पण खरं सांगते, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. नाटकाच्या दिवशीही वाटलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, ते माझ्याकडून राहून गेलं. मला तुझी खूप आठवण येते. तुझं काही चालू असेल तर सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. सध्या भेटणं जमत नसेल तर तसं मोकळेपणाने सांग, मी वाट बघणार नाही. आणि ठरलंच तर, जमणार नाही असं वाटताच आदल्या रात्री कळव, एवढंच."

आजीचा_बटवा

पोरी, छान लिहिलंस. पण "मी वाट बघणार नाही" काढ. तुझ्या मनात "मी अडून बसणार नाही" असं आहे, मला कळलं. वाचणारीला मात्र ती शेवटची ताकीद वाटेल.

निरंजन७२

आजींचं अगदी बरोबर, माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. तिथे "तोवर फोनवर बोलू" म्हणा. "तू चार वेळा रद्द केलंस" कुठेही आलेलं नाही हे फार चांगलं झालं. मराठीत ही सोय आहे, "भेट राहिली", "जमलं नाही" म्हटलं की घटना सांगून होते आणि बोट कुणाकडे जात नाही. मात्र सगळंच इतकं मऊ करू नका की "वाईट वाटलं" सुद्धा गळून पडेल. ते एक वाक्य ठसठशीत राहू द्या.

कडीपत्ता

मला अजूनही पटत नाही. एवढं तोलून-मापून लिहावं लागतं ती मैत्री कसली? माझ्या मित्राला मी तोंडावर शिवी घातली असती आणि विषय संपला असता.

आजीचा_बटवा

तुमच्या मित्राला ती चालत असेल बाबा. आमच्यात एकीने अशीच तोंडावर घातली होती. चौदा वर्षं झाली, बोलणं नाही.

सायली_ठाणे

कधी पाठवू? मेसेज की व्हॉइस नोट?

निरंजन७२

रद्द झाल्याच्या दिवशी पाठवला तर तो रागातला वाटतो, ते दिवस गेलेत, बरं झालं. रात्री अकरानंतर नको, तिची झोप जाईल. व्हॉइस नोटबद्दल माझं मत पक्कं नाही. आवाजात माया कळते, पण तुमचा गळा दाटून आला तर तिच्यावर दडपण येईल. लिहिलेलं तिला दोनदा वाचता येतं. आणि पाठवल्यावर निळ्या टिका बघत बसू नका.

सायली_ठाणे

सगळ्यांना कळवते. बुधवारी संध्याकाळी सातला पाठवला, आजींनी सांगितलेलं वाक्य बदलून. टिका बघायच्या नाहीत म्हणून फोन बेडरूममध्ये ठेवून पोळ्या करायला घेतल्या. रात्री उत्तर नव्हतं. गुरुवारी सकाळी आलं: "वाचलं गं. शनिवारी फोन करते."

शनिवारी फोन आला नाही. सगळं मुसळ केरात, असं वाटलं. रविवारी सकाळी साडेसातला आला. बाल्कनीतून बोलत होती, मागे कबुतरांचा आवाज येत होता. म्हणाली, "तू दर वेळी इतक्या पटकन चालेल म्हणायचीस, की मला वाटायचं तुलाही सुटल्यासारखं होतंय." मला बोलताच येईना. मग तीच म्हणाली, "अळूवड्या केल्या होत्यास ना? मला वाटलंच होतं."

वीस मिनिटं बोललो. का जमत नव्हतं ते तिने सांगितलं नाही, "घरात जरा चालू आहे" एवढंच म्हणाली. मीही विचारलं नाही. भेटायचा विषय तिने काढला नाही, मी पण नाही. मी काढायला हवा होता का?

मोरपिसारा

आठवडाभर जाऊ द्या. मग तुम्हीच डोंबिवलीला जा, काम आहे म्हणून, आणि स्टेशनवर चहापुरतं विचारा. येईल किंवा नाही येईल, पण तिला घरातून फार वेळ निघावं लागणार नाही.

आजीचा_बटवा

आणि डब्यात चार अळूवड्या ने. तळून.

सायली_ठाणे

पुढच्या शनिवारी दादरला जायचंच आहे. येताना ठाण्याला न उतरता पुढे जाईन. तिला शुक्रवारी रात्री विचारते.