पकडलं जाऊ नये म्हणून लिहायचं?

झटपट_लेखणी: मसुदा एआयकडून घेतो, मग तो ‘मानवी’ करून देणाऱ्या साधनातून काढतो. तीन तपासण्यांत शून्य टक्के एआय आलं. वाचकाला पत्ता लागत नाही, म्हणजे लिखाण जमलं. लोक उगाच नाकं का मुरडतात?

शाईचा_डाग: दोनदा लिहून खोडलं, पण राहवत नाही. हा खेळ जुनाच आहे. वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या तपासणीतून सुटायला लोक चोरलेला मजकूर शब्द बदलणाऱ्या साधनातून काढत. 2021 मध्ये गियोम काबानाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांत अशी पिळवटलेली शब्दयोजना शोधून काढली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे खोटी जाणीव. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं झालं ‘बूझम पेरिल’, म्हणजे छातीचं संकट! लपवायला केलेला बदलच पकडायची खूण ठरला. आणि हे निबंध परीक्षकांच्या हाताखालून गेलेले होते, म्हणजे तिथेही वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

तुमच्या शून्य टक्क्यांचंही तेच. एआय ओळखणारे बरेचसे तपासनीस प्रोग्रॅम, ढोबळमानाने, पुढचा शब्द किती अपेक्षित होता हे मोजतात. आकडा उतरवायचा तर अनपेक्षित शब्द हवेत. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर ते आपोआप येतात, नाहीतर चुकीचा शब्द ठोकून द्यावा लागतो. साधनाला दुसरंच जमतं.

मसुद्यात समजा असं आहे: ‘रक्तदाब वाढला तरी लक्षणं दिसतीलच असं नाही, म्हणून तो मोजावा.’ सपक आहे, पण खरं आहे. साधनातून निघेल: ‘रुधिराचा भार चढला तरी चिन्हे झळकतीलच असे नव्हे, म्हणून त्याचे मापन इष्ट.’ आकडा खाली, वाक्य मातीत. वर ‘रुधिराचा भार’ हा वजनाचा प्रकार की दाबाचा, हे वाचकाने ओळखायचं. आता मी लिहिलं असतं ते: ‘आईचा रक्तदाब 170/100 निघाला, त्या सकाळी ती कोडं सोडवत बसली होती आणि मलाच आडवे शब्द विचारत होती.’ हेही कुणाला अपेक्षित नव्हतं. पण हे मी चुकवेगिरीसाठी लिहिलं नाही, मोजणारा मीच होतो म्हणून लिहिलं.

वेलांटी: आईचा रक्तदाब मोजलात, छान. माझं ऐका. एका स्पर्धेला मी स्वतः, रात्री जागून लिहिलेला लेख पाठवला. उत्तर आलं, ‘यंत्रलिखित वाटतो, बाद.’ तेव्हापासून मी मुद्दाम वाक्यं मोडते, एखादी चूक तशीच ठेवते. न सापडणं हे माझंही ध्येय आहे, आणि मी तर काही चोरलंही नाही. मला कुठल्या नैतिकतेत बसवता?

गणितगोंधळ: ताई, तुमची चूक नाही, आकड्यांची आहे. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये स्वतःचा तपासनीस काढला. त्यांच्याच म्हणण्यानुसार एआयचा 26 टक्के मजकूर पकडायचा आणि माणसाच्या 9 टक्के मजकुरावर खोटा आळ घ्यायचा. समजा 1000 लेख आले, त्यांत 100 यंत्राचे. पकडले 26. उरलेल्या 900 माणसांपैकी 81 जणांवर आळ. म्हणजे बाद झालेल्या 107 जणांत खरे दोषी 26. चारातले तीन निर्दोष! जुलैमध्ये त्यांनी तो बंद केला, कारण अचूकता कमी. आता हाच हिशोब झटपटरावांना लावा: 74 टक्के एआय मजकूर असाही सुटत होता. तुमच्या साधनाने त्यात काय दिवे लावले, ते कसं कळणार?

झटपट_लेखणी: तो तपासनीस मेला. आताचे चांगले आहेत.

गणितगोंधळ: चांगले आहेत तर तुमचं शून्य खरं, आणि वेलांटीताई खोट्या. बोला, काय निवडता?

खडूफळा: मी शिकवतो, म्हणून सांगतो. 2023 च्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 निबंध सात तपासनिसांना दिले, सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. साधे शब्द वापरले म्हणून! उपाय सोपा आहे, कंपन्यांनी मजकुरात पाणचिन्ह घालावं, वाद संपला.

शाईचा_डाग: अभ्यासाचं बरोबर, उपायाचं अर्धवट. पाणचिन्ह म्हणजे यंत्राने काही शब्द किंचित जास्त वेळा निवडणं. यंत्र बनवणाऱ्याने ते घातलंच नाही तर शोधणार काय? आणि सगळा मजकूर शब्द बदलून पुन्हा लिहिला की ते विरतं. छोट्या परिच्छेदात तर मोजायलाच शब्द पुरत नाहीत.

वेलांटी: अर्धवट गोष्ट सांगितली मी. आयोजकांनी वर असंही लिहिलं होतं की ‘मजकुरात 14 अदृश्य चिन्हे आढळली’. मी कुठली घालायला जाते अदृश्य चिन्हं?

टंकाळू: थांबा! लेखात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द होते का? जुन्या पद्धतीने टंकताय ना? तो आडवा र दोन प्रकारे येतो. एक, नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग U+200D हे जोडचिन्ह आणि य. दिसायला सारखेच. पण U+200D दिसत नाही, आणि कुणी अदृश्य चिन्हांची चाळणी लावली की त्यात अडकतं. म्हणजे तुम्ही नीट मराठी लिहिलं, त्याला फसवणूक म्हटलं गेलं.

वेलांटी: चौदा वेळा ‘ऱ्या’ असणार नक्की. लेख वाऱ्यावरच होता.

खडूफळा: यावर मला वेगळंच बोलायचंय. दोन प्रकारांमुळे शोध लागत नाही! माझ्या नोंदींत ‘दुसऱ्या’ शोधतो, निम्मे सापडत नाहीत. दहा वर्षं सांगतोय, एकच पद्धत ठरवा.

टंकाळू: ठरली तरी जुन्या मजकुराचं काय, हातानं बदलणार? साधी अदलाबदल चालवा, एका मिनिटाचं काम.

खडूफळा: तुम्हाला एका मिनिटाचं. आम्हाला आधी ते चिन्ह टंकायचं कसं, तेच कळत नाही.

उंबरा: धागा वाऱ्यावर गेलाय, परत आणतो. एक बाजू कुणी मांडली नाही. मी नोकरीतला गैरप्रकार निनावी लिहून कळवला होता. मला ‘अर्थात’ आणि अर्धविरामांची खोड आहे, सहकाऱ्यांनी एका वाक्यात ओळखलं असतं. मी यंत्राकडून शैली सपाट करून घेतली. ते चूक होतं?

शाईचा_डाग: नाही. मान्य, आणि मान्य करताना दात ओठ खातोय. तुम्ही ‘कोण’ ते लपवलंत, कारण धोका होता, आणि तक्रारीतली प्रत्येक गोष्ट तपासता येत होती. झटपटरावांना कसला धोका आहे? आणि वेलांटीताई, वाक्यं मोडू नका. मसुद्याच्या तारखेनिशी जुन्या प्रती ठेवा, आळ आला की त्या पुढे करा.

वेलांटी: ठेवल्या होत्या. पाठवल्याही. कुणी उघडून बघितल्या नाहीत.

शाईचा_डाग: मग माझ्याकडे उत्तर नाही.

झटपट_लेखणी: बरं बाबा, हरलो. यापुढे साधन बंद, आणि खाली टीप: ‘मसुदा यंत्राचा, चुका माझ्या.’ समाधान?

गणितगोंधळ: चुका शोधल्यात का पण?

झटपट_लेखणी: आकडे तपासले. दोन लेखांतले.

गणितगोंधळ: एकूण लेख किती?

झटपट_लेखणी: एकोणचाळीस.