रेशोचे पेपर तपासायला काय वापरता? (बजेट 400 रुपये)

कराडची_मुक्ता
घरी टीवायबीकॉमची शिकवणी घेते. रेशो अॅनालिसिसची चाचणी घेतली आणि गठ्ठा समोर पडलाय. मुलं दोन प्रकारे चुकतात. एक म्हणजे सूत्रच भलतं घेतात, पण आकडेमोड बिनचूक, त्यामुळे उत्तर दिसायला बरोबर वाटतं. दुसरं म्हणजे उत्तर बरोबर आणि खाली त्याचा अर्थ भलताच. तपासायला सोपं जाईल असं गाईड, तयार शीट किंवा अॅप सुचवा. 400 च्या आत. बाजारातलं एक सोडवलेल्या गणितांचं गाईड 340 ला मिळतंय, ते घ्यावं का?

प्रश्नातले आकडे देते. एकूण विक्री 12 लाख, त्यातली उधार 9 लाख. ढोबळ नफा विक्रीवर 25 टक्के. सुरुवातीचा स्टॉक 1,30,000, शेवटचा 1,70,000. डेटर्स सुरुवातीला 1,10,000, शेवटी 1,80,000. रोख आणि बँक 60,000 ची 50,000 झाली. चालू देणी 1,50,000 ची 2,00,000. गिऱ्हाइकाला उधारी 45 दिवसांची.

डोंबिवलीकर_सचिन
ताई, टॅबलेट घ्या पेनासकट. मी मागच्या दिवाळीत घेतला, 22 हजारांना. पेपर स्कॅन करायचे आणि स्क्रीनवरच तपासायचे. कागद बंद केल्यापासून मानदुखी गेली.

कराडची_मुक्ता
बजेट 400 आहे दादा. चार आकडी पण नाही.

शेअरवाला_नाना
स्टॉक टर्नओव्हर बघायचा तर डिलिव्हरीचं प्रमाणही बघावं. नुसत्या टर्नओव्हरवर शेअर घेतला की माणूस अडकतो, स्वानुभव. आणि पी-ई 20 च्या वर असेल तर हात लावू नका.

खतावणी
नाना, हा स्टॉक म्हणजे गोदामातला माल.

मुक्ताताई, गाईडात तुम्हाला फक्त बरोबर उत्तर मिळेल. मुलाचं उत्तर चुकलं हे तुम्हाला तसंही दिसतंय, कुठून चुकलं ते दिसत नाही. म्हणून चुकीची उत्तरं आधीच काढून ठेवायची. तुमच्याच आकड्यांवर दाखवतो.

विकलेल्या मालाची किंमत 9 लाख, सरासरी स्टॉक दीड लाख, म्हणून स्टॉक टर्नओव्हर 6 वेळा. आता 8 लिहिणाऱ्याने वर किमतीऐवजी विक्री घेतली. 7.06 वाल्याने विक्रीही घेतली आणि सरासरी न काढता शेवटच्या स्टॉकने भागलं. 5.29 आलं तर वरचा आकडा बरोबर, फक्त सरासरी राहिली. 6.4 ची गंमत वेगळी. त्याने सूत्र बरोबर लावलंय, पण 25 टक्के नफा विक्रीवर न धरता किमतीवर धरला, त्यामुळे किंमत 9,60,000 झाली. त्या मुलाला रेशो पुन्हा शिकवू नका, त्याचा घोळ नफ्याच्या टक्क्यात आहे.

सहाला 61 दिवस, आठला 46 दिवस. म्हणजे चुकीच्या सूत्राने गोदामातला माल पंधरा दिवस लवकर विकला जातो.

एक्सेलप्रेमी
हेच शीटमध्ये टाका, खर्च शून्य. ई कॉलममध्ये ती सगळी उत्तरं एका दशांशापर्यंत, एफमध्ये कारण, बीमध्ये मुलाचं उत्तर.

```
=IFERROR(INDEX($F$2:$F$6, MATCH(ROUND(B2,1), $E$2:$E$6, 0)), "हाताने बघा")
```

आमच्या ऑफिसात मी अशा चाळीस शीट बनवून दिल्यात. अजून कोणी चहा पाजला नाही.

डोंबिवलीकर_सचिन
टॅबलेटवर एक्सेलही चालतं.

सोलापुरी_चादर
मी क्लासची 9,000 रुपयांची व्हिडिओ मालिका घेतली होती. रेशोचा भाग अर्ध्या तासात संपवला आणि उरलेला वेळ स्वतःच्या यशाबद्दल. कोणी घेऊ नका. बाकी वर लिहिलंय तसंच, टर्नओव्हरला विक्री घ्यायची नाही, किंमत घ्यायची.

खतावणी
शीट चालेल, पण तिची एक मर्यादा आहे. समजा सुरुवातीचा आणि शेवटचा स्टॉक दोन्ही दीड लाख असते, तर सरासरी काढणारा आणि न काढणारा दोघांचंही उत्तर 6. चूक लपली आणि मार्क मिळाले. प्रश्न काढतानाच आकडे असे घ्यायचे की दोन वाटांनी एकच उत्तर येणार नाही. तुमच्या या प्रश्नात ते जमलंय.

निवृत्त_शाखाधिकारी
सूत्राच्या चुका पोरवयातल्या आहेत, सुटतात. अर्थाची चूक माणूस साठीपर्यंत करतो. मुक्ताबाई, तुमच्या प्रश्नातला करंट रेशो बघा. गेल्या वर्षी चालू मालमत्ता 3 लाख, देणी दीड लाख. यंदा 4 लाख आणि 2 लाख. दोन्ही वर्षी 2:1. मुलं काय लिहितात? "आदर्श प्रमाण, स्थिती समाधानकारक, बदल नाही." बरोबर ना?

आता आत बघा. स्टॉक 40 हजारांनी वाढला, येणी 70 हजारांनी वाढली, रोख 10 हजारांनी घटली आणि देणी 50 हजारांनी चढली. आधी शंभर रुपये देण्यामागे चाळीस रुपये रोख होती, आता पंचवीस. 2:1 ने हे काहीच सांगितलं नाही. क्विक रेशो तर त्याहून फसवा. तो 1.13 वरून 1.15 झाला, म्हणजे सुधारला म्हणायचं! सुधारला कशामुळे, तर येणी तुंबल्यामुळे.

आणि 2:1 हे फक्त पुस्तकात. टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीने हिशेब केला की 1.33 येतो, बँकेत आम्ही वर्षानुवर्षं तोच धरून चाललो.

कराडची_मुक्ता
अगदी हेच वाक्य, "आदर्श प्रमाण". गठ्ठ्यात जवळजवळ सगळ्यांनी लिहिलंय. कारण मीच तसं उत्तर लिहायला सांगते, कॉलेजात मार्क त्यालाच मिळतात.

खतावणी
काकांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. त्यालाच जोडून वसुलीचे दिवस बघा, कारण तिथे सूत्राची चूक अर्थही उलटा करते.

सरासरी डेटर्स 1,45,000. उधार विक्री 9 लाखांवर दिवस काढले तर 59. एकूण विक्री 12 लाख घेतली तर 44. तुमची उधारी 45 दिवसांची. म्हणजे बरोबर सूत्राचा मुलगा लिहिणार "वसुली दोन आठवडे उशिरा", आणि चुकीच्या सूत्राचा लिहिणार "वसुली मुदतीत, धोरण कार्यक्षम". रोखीने माल नेणाऱ्याचे 3 लाख भागाकारात शिरले आणि उधारी फेडायला उशीर करणारे त्यांच्या आड लपले.

सरासरी न काढता शेवटचे 1,80,000 घेतले तर 73 दिवस येतात. सूत्र म्हणून पेपरात ते चूक, पण वर्षअखेरची परिस्थिती 59 पेक्षा 73 च्या जास्त जवळ असू शकते. खातरजमा करायची तर कुठलं बिल किती दिवसांचं आहे ती यादीच लागते, रेशोचं ते काम नाही.

पेठेतला_सीए
एक शंका. 44 काढलेल्या मुलाने "45 च्या आत, म्हणून ठीक" असं लिहिलं, तर त्याच्या उत्तराला धरून अर्थ बरोबरच आहे. अर्थाचे मार्क देणार की कापणार? एका चुकीची शिक्षा दोनदा नको.

निवृत्त_शाखाधिकारी
कापायचे. एका प्रस्तावात मी असंच वाचलं होतं, "वसुली मुदतीत". नव्वद दिवसांवरची येणी बाजूला काढली तर उचल मर्यादा निम्म्यावर आली. त्या वाक्यावर कर्ज गेलं असतं तर मार्क कोणाचे कापले असते?

पेठेतला_सीए
काका, ते कर्ज होतं, ही चाचणी आहे. मी देईन.

एक्सेलप्रेमी
मी अर्धे देईन.

सोलापुरी_चादर
क्विक रेशो काढताना ओव्हरड्राफ्ट वगळायचा असतो हे कोणी बोललंच नाही. देण्यांत 40 हजार ओव्हरड्राफ्ट असेल तर खाली 1,60,000 आणि रेशो 1.44. आम्हाला असंच शिकवलं. इथे सगळे चुकीचं सांगताय.

पेठेतला_सीए
प्रश्नात ओव्हरड्राफ्ट दिलेलाच नाही. आणि वगळायचा की नाही हे पुस्तकागणिक बदलतं. काही पुस्तकं म्हणतात, बँक तो वर्षानुवर्षं चालू ठेवते, म्हणून तातडीचं देणं नाही. काही तो देण्यांतच ठेवतात. बँकेने पत्र पाठवलं तर मागितल्या दिवशी भरावा लागतो, म्हणून मी ठेवतो.

निवृत्त_शाखाधिकारी
पत्र पाठवलेला माणूस इथे बसलाय. ठेवायचा.

सोलापुरी_चादर
आमच्या सरांनी तीस वर्षं शिकवलं, वगळायचा.

शेअरवाला_नाना
मग डेट-इक्विटी 2 च्या वर म्हणजे कंपनी वाईट ना? मी त्यावरून एक बँकेचा शेअर विकला होता, नंतर वर गेला.

खतावणी
नाना, बँकेचा धंदाच लोकांच्या ठेवींवर चालतो, तिथे तो रेशो तसा वाचायचा नसतो. मुक्ताताई, हाच प्रश्न मुलांना घाला खरं तर.

तपासताना आणखी एक खूण. अर्थाच्या ओळीतून आकडा झाकून वाचा. "जास्त म्हणजे चांगला" एवढंच उरलं तर मुलाने पाठ केलंय. ऑपरेटिंग रेशो 85 चा 90 झाला तरी "कार्यक्षमता वाढली" लिहिणारे असतात, कारण ऑपरेटिंग नफ्याच्या रेशोशी गल्लत. पहिल्यात खर्च मोजतात, वाढला तर वाईट.

पेठेतला_सीए
याला जोडून एक उलटा प्रश्न विचारत जा. वर्ष संपायच्या आदल्या दिवशी एक लाखाची देणी फेडली तर करंट रेशोचं काय होईल? बहुतेक जण म्हणतील, पैसे गेले म्हणून घसरेल. पण 4 लाखांचे 3 आणि 2 लाखांचा 1 झाला, रेशो 3:1. मूळ रेशो एकच्या खाली असता तर मात्र खरंच घसरला असता.

एक्सेलप्रेमी
तुमच्याकडे रोख 50 हजारच आहे, एक लाख फेडणार कुठून?

पेठेतला_सीए
बरं, 50 हजार फेडा. साडेतीन लाखांना दीड लाख, 2.33. समाधान?

डोंबिवलीकर_सचिन
ताई, टॅबलेटवर आता सूट चालू आहे.

कराडची_मुक्ता
सगळ्यांचे आभार. मी ते 340 चं गाईड मागवलं. कारण सांगते. माझ्या मुलांचे पेपर कॉलेजातले सर तपासणार आणि सर तेच गाईड वापरतात. त्यात ओव्हरड्राफ्ट वगळलाय, मग माझी मुलंही वगळणार. पटत नसलं तरी. शीट जमणार नाही, गठ्ठा मी स्वयंपाक शिजता शिजता तपासते, लॅपटॉप मुलाकडे असतो.

खतावणींची सहा उत्तरांची यादी मात्र कागदावर उतरवून घेतली. त्यावरून कळलं की 6.4 वाली मुलं एकाच बाकावरची आहेत.

खतावणी
यादीत पाच होती. सहावं कोणतं?

कराडची_मुक्ता
6.92. सुरुवातीच्या स्टॉकने भागलेलं. तेही आहे गठ्ठ्यात.

निवृत्त_शाखाधिकारी
गाईड आलं की त्यात वर्ष 365 दिवसांचं धरलंय की 360 चं ते आधी बघा. 360 असेल तर तुमचे 59 दिवस 58 होतील आणि यादी पुन्हा लिहावी लागेल.

सोलापुरी_चादर
360 च धरायचं असतं.