अंगठ्याखाली गेलेला शब्द

रत्नागिरी, सोसायटीचा ग्रुप. रविवार संध्याकाळ.

अन्वीची आई (बी-204), 6:12
[फोटो]
नमस्कार. अन्वीचं एक गणित अडकलंय, उद्या क्लासला वही दाखवायची आहे. हिचं उत्तर आणि पुस्तकामागचं उत्तर जुळत नाही. कुणाला वेळ असेल तर बघाल का? फोटोत माझा अंगठा आलाय, सॉरी.

प्रसाद (ए-103), 6:15
टाईप करतो, म्हणजे सगळ्यांना झूम करायला नको.
"अ आणि ब या गावांमधील अंतर 120 किमी आहे. पहिला प्रवासी सकाळी 6 वाजता अ गावाहून ब कडे निघाला. त्याने (इथे अंगठा) ताशी 20 किमी व उरलेले ताशी 30 किमी वेगाने कापले. दुसरा प्रवासी त्याच वेळी ब गावाहून अ कडे ताशी 40 किमी या एकाच वेगाने निघाला. (1) पहिल्या प्रवाशाचा सरासरी वेग काढा. (2) दोघे किती वाजता व अ पासून किती अंतरावर भेटतील?"

प्रसाद (ए-103), 6:17
अंगठ्याखाली निम्मं-निम्मंच असणार. मग 20 आणि 30 ची सरासरी 25. दोघं समोरासमोर येतायत म्हणून वेगांची बेरीज 65. 120 भागिले 65, म्हणजे साधारण 1 तास 51 मिनिटं. 7 वाजून 51 मिनिटांनी भेटतील.

अन्वीची आई (बी-204), 6:19
हिनंही आधी 25 च काढलं होतं. मागे 24 दिलंय. मग तिनं 24 धरून दुसरा भाग सोडवला: 24 आणि 40 मिळून 64, 120 भागिले 64, म्हणजे 1 तास साडेबावन्न मिनिटं. पण मागे उत्तर आहे सकाळी 8 वाजता, अ पासून 40 किमी. पुस्तकात चुकीचं छापलंय का?

सेक्रेटरी, 6:20
पंपाचं काम झालं आहे. उद्या पाणी नेहमीच्या वेळेला येईल.

मुग्धा ताई (सी-302), 6:31
पुस्तक बरोबर आहे. या गणितात सापळे दोन आहेत. अन्वी पहिल्यातून बाहेर आली आणि दुसऱ्यात पाय पडला. मोठ्यांचाही पडतो.

आधी अंगठ्याचं. खाली शब्द "निम्मे अंतर" आहे की "निम्मा वेळ", यावर पहिलं उत्तर बदलतं. फोटोत तो दिसत नाही, पण पुढचा शब्द दिसतोय: "उरलेले". वेळ असता तर "उरलेला" छापलं असतं. म्हणजे अंगठ्याखाली अंतर आहे. वहिनी, पुस्तक उघडून सांगाल का?

अन्वीची आई (बी-204), 6:33
हो, "निम्मे अंतर" आहे! 👍

मुग्धा ताई (सी-302), 6:42
तर 60 किमी 20 ने आणि 60 किमी 30 ने. पहिल्या 60 ला 3 तास लागले, दुसऱ्या 60 ला 2 तास. आता त्याचा एकेक तास ओळीत मांडा:

20, 20, 20, 30, 30

पाच तास, बेरीज 120, सरासरी 24. 20 तीनदा आलाय आणि 30 दोनदाच. प्रसाद, तू दोघांना एकेकदाच मोजलंस, म्हणून 25 आलं. अंतर निम्मं-निम्मं आहे, वेळ निम्मा-निम्मा नाही. हळू चालणारा माणूस त्या हळू वेगातच जास्त वेळ घालवतो, त्यामुळे सरासरी नेहमी हळू वेगाकडे झुकते. अंतरं सारखी असताना 25 किंवा त्याच्या वर उत्तर आलं तर पुढे जाऊच नये, तिथेच मागे फिरून बघावं.

प्रश्नात "निम्मा वेळ" असता तर 25 बरोबर ठरलं असतं. तेव्हा 20 आणि 30 दोघांना सारखेच तास मिळतात.

पेडणेकर काका (ए-1), 6:50
मुग्धा, हे मला कागदावर कधी जमलं नाही, पण स्टिअरिंगवर रोज दिसायचं. एसटीत होतो तेव्हा कोल्हापूरची गाडी असायची. आंबा घाट चढताना गाडी लोड घेऊन हळूहळू जायची आणि मागे बसलेले म्हणायचे, काका, उतारावर भरून काढा. अरे, उतारावर कसा भरून निघणार? घाटात गेलेला वेळ गेला तो गेला.

मुग्धा ताई (सी-302), 6:58
काका, हे अगदी तंतोतंत खरं आहे, आणि आकड्यात दाखवताही येतं. अन्वी, वही घे.

समजा घाट 10 किमीचा. चढताना वेग ताशी 20. जाऊन-येऊन सरासरी 40 हवी असेल तर उतरताना किती वेग ठेवावा लागेल? सगळे 60 म्हणतात, कारण 20 आणि 60 चं निम्मं 40. पण 60 ने उतरलं तर चढायला 30 मिनिटं, उतरायला 10. 20 किमीला 40 मिनिटं, म्हणजे सरासरी 30.

मग 40 साठी किती? जाऊन-येऊन 20 किमी आहेत. 40 च्या सरासरीने 20 किमीला अर्धा तास मिळतो. तो अर्धा तास चढतानाच संपला. उतरायला उरलेला वेळ शून्य. म्हणजे कितीही वेगाने उतरलं तरी 40 होणार नाही.

पेडणेकर काका (ए-1), 7:01
हेच! हे मला तेव्हा सांगता यायला हवं होतं.

नीलिमा काकू (बी-101), 7:04
एक विचारू? आम्ही गुहागरला माहेरी जाताना जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरतो. धक्क्यावर बोटीची वाट बघत बसतो, तो वेळ धरायचा का सरासरीत? हे म्हणतात, गाडी चालू असेल तेवढाच वेळ धरायचा.

मुग्धा ताई (सी-302), 7:08
काकू, पूर्ण प्रवासाची सरासरी विचारली असेल तर धरायचा. समजा रस्त्यावरचे 60 किमी दीड तासात झाले आणि धक्क्यावर अर्धा तास थांबलात. एकूण 2 तास, सरासरी 30. तुमच्या घरचे काका सांगतायत ती 40, चालत्या गाडीची. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न कुठला विचारलाय ते बघायचं. पुस्तकात "वाटेत अर्धा तास थांबला" असं वाक्य आलं की ते हमखास यासाठीच घातलेलं असतं.

प्रसाद (ए-103), 7:10
ताई, 24 पटलं. पण मग अन्वीचं दुसरं उत्तर का चुकलं? तिनं तर बरोबर सरासरी घेतली होती.

मुग्धा ताई (सी-302), 7:24
हाच दुसरा सापळा, आणि मला विचाराल तर यातच खरी गंमत आहे.

24 हा पूर्ण पाच तासांचा हिशेब आहे. पहिला प्रवासी 6 ला निघून 11 ला ब गावी पोचतो, ते सगळं एकत्र करून 24. पण वाटेत एक क्षणही तो ताशी 24 ने चाललेला नाही. आधी 20 ने चाललाय, मग 30 ने. दुसरा प्रवासी समोरून येऊन भेटेपर्यंत पहिला ज्या वेगाने चाललाय, तोच वेग मोजायचा.

अन्वीचं उत्तर धरून रस्त्यावर उभं राहून बघू. 1 तास साडेबावन्न मिनिटं, म्हणजे 1.875 तास. पहिला 20 ने चाललाय: 37.5 किमी. दुसरा 40 ने: 75 किमी. दोन्ही मिळून 112.5. रस्ता 120 चा. म्हणजे अन्वी म्हणते तेव्हा दोघांच्या मध्ये अजून साडेसात किलोमीटर मोकळा रस्ता आहे. ते भेटलेलेच नाहीत!

आता हे साडेसात किमी 20 आणि 40, म्हणजे ताशी 60 ने मिटतायत. मिनिटाला एक किलोमीटर. साडेसात मिनिटं. 7 वाजून साडेबावन्न मिनिटांत साडेसात मिळवा: बरोबर 8.

अन्वीची आई (बी-204), 7:27
अन्वी म्हणतेय, मग थेट कसं करायचं?

मुग्धा ताई (सी-302), 7:36
आधी विचारायचं, भेट रस्त्याच्या कुठल्या निम्म्यात होणार? पहिला 60 किमीच्या खुणेला 9 वाजता पोचतो. दुसरा 40 ने येतोय, तो त्याच खुणेला 7:30 लाच पोचतो. म्हणजे पहिला तिथवर यायच्या आत दुसऱ्याने मध्य ओलांडला, भेट अ च्या बाजूच्या निम्म्यात. तिथे पहिल्याचा वेग 20. मग 20 आणि 40 मिळून 60, 120 भागिले 60, 2 तास. 8 वाजता, अ पासून 40 किमी. 30 हा आकडा दुसऱ्या भागात लागलाच नाही.

आणखी एक बघा. अंगठ्याखाली "निम्मा वेळ" असता तर पहिला 2 तास 24 मिनिटं 20 ने चालला असता. भेट त्याच्या आधीच होते, म्हणजे तेव्हाही 8 वाजता, 40 किमीवरच. सरासरी 24 ची 25 झाली तरी भेट जागची हलली नाही. सरासरीचा भेटीशी संबंध असता तर हललीच असती ना?

अन्वी, आता तुला एक. बाकी सगळं तेच, फक्त दुसरा प्रवासी 40 ऐवजी ताशी 15 ने येतोय. कधी आणि कुठे भेटतील?

पेडणेकर काका (ए-1), 7:40
बाय, सावकाश कर. घाई नको.

अन्वीची आई (बी-204), 8:02
काकू, मी अन्वी. 9 वाजेपर्यंत पहिला 60 किमी आला आणि दुसरा 45. म्हणजे दुसरा अजून मध्यापर्यंत आलाच नाही, मध्ये 15 किमी उरले. 9 नंतर पहिला 30 ने जातो, म्हणून 30 आणि 15 मिळून 45. 15 भागिले 45 म्हणजे 20 मिनिटं. 9 वाजून 20 मिनिटं. 20 मिनिटांत पहिला अजून 10 किमी जातो, म्हणून अ पासून 70.

मुग्धा ताई (सी-302), 8:04
आणि ते भेटलेत हे कशावरून?

अन्वीची आई (बी-204), 8:05
दुसरा 9:20 पर्यंत 50 आला. 70 आणि 50, 120. मध्ये रस्ता उरला नाही.