मदत हवी आहे: टाइम मशीनचा बॅकअप दर वेळी अर्ध्यावरच थांबतो

बर्डीचा_फोटोवाला
मॅकबुक एअर ५१२ जीबीचा, बाहेरची डिस्क १ टीबीची. दोन महिने बॅकअप नीट झाला. गेल्या आठवड्यात उमरेडच्या एका लग्नाचं ८५ जीबी शूटिंग मॅकवर टाकलं, तेव्हापासून रोज ‘डिस्कवर पुरेशी जागा नाही’ येतं. टाइम मशीन जुने बॅकअप आपोआप काढतं ना? मग अडतं काहून? त्याच डिस्कवर ‘लग्न’ नावाचा दुसरा व्हॉल्यूमही आहे.

धरमपेठकर
दुकानातून आणलेली डिस्क बहुतेकदा एक्सफॅट असते, त्यावर टाइम मशीन चालत नाही. एपीएफएस करा. आणि बॅकअपच्या व्हॉल्यूमवर सगळ्यांना लिहायची परवानगी द्या.

बर्डीचा_फोटोवाला
एपीएफएसच आहे भाऊ. परवानगी बदलायला गेलो, तर बदलूच देत नाही.

मावशी_खामल्याच्या
माझ्या आयफोनचंही असंच झालं होतं. महिन्याचे पैसे भरून जागा वाढवली, संपला विषय.

टर्मिनलवाला
मावशी, ती आयक्लाउडची जागा. इथे डिस्क भरली आहे.
परवानग्यांना हात लावू नका. बॅकअपच्या व्हॉल्यूमवर फाइंडरमधून लिहू न देणं मुद्दामच असतं. हे चालवून आकडे टाका:

```
diskutil apfs list
```

बर्डीचा_फोटोवाला
लग्न ५६० जीबी, बॅकअप ३८० जीबी. फाइंडरमध्ये रिकामी जागा दोन्ही व्हॉल्यूमवर ५५ जीबीच दिसते.

टर्मिनलवाला
दोन्हीकडे तोच आकडा, इथेच मेख आहे. एका कंटेनरमधले एपीएफएस व्हॉल्यूम एकाच डब्यातून खातात, ती ५५ जीबी दोघांत मिळून आहे. तुम्हाला हवे ८५.
टाइम मशीन जुने बॅकअप काढतं, पण फक्त स्वतःचे. शिवाय जुना बॅकअप काढला की त्याच्यातच उरलेल्या फाइलींचीच जागा सुटते. तुमच्या ३८० मधला बहुतेक माल आजही मॅकवर आहे, म्हणून काढूनही हाती फारसं लागत नाही. ‘लग्न’ला तर ते हातच लावणार नाही.
‘लग्न’ दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, चार-पाच व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, मगच तो व्हॉल्यूम डिलीट करा. जागा लगेच मोकळी होते, जुना बॅकअप जसाच्या तसा राहतो.

धरमपेठकर
त्यापेक्षा ‘लग्न’ला मर्यादा घालून दिली तर?

टर्मिनलवाला
कोटा व्हॉल्यूम बनवतानाच द्यावा लागतो. आहे त्याला नंतर लावता येत नाही.

बर्डीचा_फोटोवाला
भावाची डिस्क आणली. दोनदा कॉपी मधेच तुटली, ‘डिस्क नीट इजेक्ट केली नाही’ म्हणे. हबवरून काढून थेट मॅकला लावली, तेव्हा कुठे रात्री दीडला पूर्ण झाली. व्हिडिओ तपासले, व्हॉल्यूम उडवला. बॅकअप झाला बाप्पा!
पण सकाळी मॅक झोपेतून उठवला, तर बॅकअपची डिस्कही गायब. तीही हबवरच होती. हब खराब म्हणायचा, की केबल?

टर्मिनलवाला
आज रात्री हबशिवाय, तीच केबल ठेवून बघा. उद्या सांगा.